पट्टी पुढे, पेनड्राइव्ह मागे

कॉपीची हिरवी पट्टी झरझर पुढे सरकते, मध्येच रेंगाळते आणि शंभर टक्क्यांवर येऊनही खिडकी काही बंद होत नाही. हा अनुभव तुमच्याही ओळखीचा असेल.

बहुतेकांचा पहिला संशय पोर्टवर जातो. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. हाती पडतात तीस-चाळीस. २००८ च्या यूएसबी ३.० ने ती दसपटीहून वर नेली. पोर्टच्या आत निळे प्लास्टिक दिसले तर ते बहुधा ३.० असते. पण पोर्ट हा केवळ रस्ता आहे. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबीच लिहीत असेल, तर जुन्या पोर्टमधून काढून निळ्यात लावल्याने काहीच बदलत नाही.

तो इतका सावकाश लिहितो, कारण फ्लॅश चिपवर लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. लिहिणे लहान पानांत होते, पुसणे मात्र अनेक पानांच्या अख्ख्या ब्लॉकचे. वाचताना ही खटपट नसते. म्हणून वेष्टनावरचा ‘१०० एमबी’ हा आकडा दिसला की तो वाचनाचा आहे की लेखनाचा, हे तुम्ही जरूर पाहा. बहुधा तो वाचनाचाच असतो.

आता पट्टीचे कोडे. समजा, ८ जीबी मेमरीच्या लिनक्स संगणकावरून तुम्ही ३ जीबीचा चित्रपट याच पेनड्राइव्हवर घेत आहात. हिशेबाने ३००० भागिले १०, म्हणजे पाच मिनिटे लागायला हवीत. पण लिनक्स आलेला मजकूर आधी मेमरीत, म्हणजे कॅशेत ठेवून घेते आणि ‘मिळाला’ असे कळवते. त्यामुळे पहिला साधारण एक जीबी काही सेकंदांत गेल्यासारखा दिसतो. कॅशेची मर्यादा गाठली की पट्टी पेनड्राइव्हच्या खऱ्या चालीवर येते. ती भरते तेव्हाही जवळजवळ एक जीबी मेमरीतच असतो, आणि तो उतरायला आणखी शंभरेक सेकंद जातात. याच वेळी पेनड्राइव्ह उपटला, तर फाइलचे नाव दिसते आणि चित्रपट अर्ध्यावर तुटतो.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल, तर कॉपी चालू असताना टर्मिनलमध्ये पहिली ओळ अधूनमधून द्या:

```
grep Dirty: /proc/meminfo
sync
```

`Dirty` पुढचा आकडा म्हणजे अजून लिहायचा राहिलेला मजकूर, केबीमध्ये. पट्टी भरल्यावर `sync` द्या. सगळे उतरेपर्यंत ती आज्ञा परतत नाही. ती परतली की ‘इजेक्ट’ करा आणि पेनड्राइव्ह काढा.