ब्लॉकिंग आणि चार्जिंग (बास्केटबॉल)

ब्लॉकिंग आणि चार्जिंग हे बास्केटबॉलमधील दोन वैयक्तिक फाउल आहेत. आक्रमक खेळाडू आणि बचावपटू यांची टक्कर झाली असता दोष कोणाचा, हे ठरवताना पंचांना बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. बचावपटूने प्रतिस्पर्ध्याची वाट बेकायदा रीतीने अडवली असेल तर ते ब्लॉकिंग होय आणि त्याची शिक्षा बचावपटूला होते. आक्रमक खेळाडू बचावपटूच्या धडावर जाऊन आदळला वा त्याला ढकलून पुढे गेला असेल तर ते चार्जिंग होय. टक्कर दोन्ही प्रकारांत सारखीच दिसू शकते. निर्णय टकरीच्या जोरावर वा कोण खाली पडले यावर ठरत नाही. टकरीपूर्वी बचावपटू कोठे आणि कसा उभा होता यावर तो ठरतो.

‘ब्लॉक’ या शब्दामुळे मराठी वाचकांचा गोंधळ होण्याचा संभव आहे. बास्केटला मारलेला चेंडू हवेत हाताने अडवणे यालाही ‘ब्लॉक’ म्हणतात आणि ते पूर्णपणे नियमाला धरून आहे. कबड्डीतही चढाईपटूच्या परतीच्या वाटेत उभे राहून त्याला रोखणे हा ‘ब्लॉक’ नावाचा वैध बचाव आहे. प्रस्तुत लेखातील ब्लॉकिंगचा या दोहोंशी संबंध नाही.

भारतात बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाच्या अखत्यारीतील स्पर्धा आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांनुसार खेळल्या जातात. त्यामुळे रत्नागिरीच्या मैदानावरील खेळाडूला लागू पडणारे नियम फिबाचे असतात, दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या अमेरिकी एनबीए लीगचे नव्हेत. दोन्ही नियमावल्यांचे मूळ तत्त्व एकच असले तरी काही तपशील वेगळे आहेत.

## वैध बचावस्थिती

फिबाच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक दंडगोल असतो. समोरच्या बाजूला हातांचे तळवे, मागे नितंब आणि दोन्ही बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडा ही त्याची सीमा. कोपरात वाकवलेले हात पुढे धरता येतात, पण पाय व गुडघे जेथपर्यंत आहेत त्यापलीकडे नाही. हा दंडगोल जमिनीपासून वर छतापर्यंत जातो असे मानतात. आपल्या दंडगोलात सरळ वर उडी मारणाऱ्या बचावपटूला कोणी येऊन धडकले तर बचावपटूचा दोष धरला जात नाही.

चेंडू असलेल्या खेळाडूसमोर बचावपटूला प्रथम वैध बचावस्थिती घ्यावी लागते. त्यासाठी दोनच अटी आहेत: तोंड प्रतिस्पर्ध्याकडे असावे आणि दोन्ही पाय जमिनीवर असावेत. ही स्थिती क्षणभर साधली तरी पुरते. पुढे तो स्तब्ध राहू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो, तसेच प्रतिस्पर्धी सरकेल त्याप्रमाणे बाजूला किंवा मागे सरकू शकतो. सरकताना एक वा दोन्ही पाय निमिषभर जमिनीवरून उचलले गेले तरी चालते. टक्कर बसण्यापूर्वी दुखापत टाळण्यासाठी आपल्या दंडगोलात वळण्याची किंवा हात छातीशी घेण्याची त्याला मुभा आहे. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने पुढे सरकता येत नाही, तसेच त्याला रोखण्यासाठी खांदा, कंबर, हात वा पाय बाहेर काढता येत नाही.

‘चार्जिंग मिळवण्यासाठी बचावपटू पुतळ्यासारखा स्थिर हवा’ हा समज प्रेक्षकांत आणि कधीकधी प्रशिक्षकांतही आढळतो. नियमात तसे काहीही नाही. मागे हटत असलेल्या बचावपटूच्या छातीवर ड्रिबलर आदळला तर ते चार्जिंगच असते. उलट, दोन्ही पाय घट्ट रोवून उभा असलेला बचावपटू ऐनवेळी कंबर बाजूला काढून ड्रिबलरची वाट अडवतो तेव्हा तो स्थिर दिसला तरी ब्लॉकिंग करत असतो. म्हणून टक्कर कोठे झाली याला महत्त्व येते. ती धडावर, समोरून झाली असेल तर बचावपटू त्या जागी आधी पोहोचला होता असे मानले जाते. ड्रिबलरचे डोके व खांदे बचावपटूच्या पुढे गेल्यानंतर त्याच्या मांडीला वा खांद्याला धक्का लागला असेल, तर बचावपटू उशिरा पोहोचला हे त्यावरून कळते.

## वेळ आणि अंतर

चेंडू हातात असलेल्या खेळाडूला बचावाची अपेक्षा ठेवावीच लागते, असे नियम मानतो. बचावपटू अगदी क्षणभर आधी समोर येऊन ठाकला तरी थांबण्याची किंवा दिशा बदलण्याची जबाबदारी चेंडूवाल्यावर असते. त्याच्या बाबतीत वेळ व अंतर यांचा हिशेब धरला जात नाही. चेंडू नसलेल्या खेळाडूला मात्र ही सवलत मिळते. त्याला थांबता वा वळता येईल इतकी जागा बचावपटूने ठेवली पाहिजे. हे अंतर त्याच्या वेगावर अवलंबून असते, पण एका सामान्य पावलापेक्षा ते कमी असू शकत नाही. चेंडूकडे पाहत बास्केटकडे धावणाऱ्या खेळाडूच्या पायापुढे अचानक येऊन उभे राहणे हे म्हणूनच ब्लॉकिंग ठरते, जरी बचावपटू त्या जागी आधी पोहोचलेला असला तरी.

हवेत असलेल्या खेळाडूचा नियम याहून कडक आहे, कारण त्याला दिशा बदलता येत नाही. उडी घेतलेल्या खेळाडूला त्याच जागी उतरण्याचा अधिकार असतोच. दुसऱ्या जागी उतरण्याचाही अधिकार असतो, पण उडी घेतेवेळी ती जागा आणि तिच्यापर्यंतची सरळ वाट मोकळी असली पाहिजे. लेअपच्या वेळी होणाऱ्या बहुतेक वादांचे उत्तर या एका वाक्यात आहे. आक्रमकाचा पाय जमीन सोडण्यापूर्वी बचावपटू वाटेत आला असेल तर चार्जिंग. पाय सुटल्यानंतर आला असेल तर ब्लॉकिंग. दोहोंमधील अंतर सेकंदाच्या काही अंशांचे असते. म्हणूनच पंचांना चेंडूकडे किंवा उडणाऱ्या खेळाडूकडे न पाहता बचावपटूवर नजर ठेवण्याचे शिक्षण दिले जाते. चेंडूमागे नजर गेलेल्या पंचाला फक्त टक्कर दिसते. ती होण्यापूर्वीचा निर्णायक क्षण निसटलेला असतो.

## नो-चार्ज अर्धवर्तुळ

बास्केटखाली उभे राहून, चेंडू अडवण्याचा प्रयत्नही न करता केवळ धडक घेण्याची प्रवृत्ती वाढू नये यासाठी बास्केटच्या केंद्राखालील बिंदूपासून १.२५ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखलेले असते. चेंडू घेऊन हवेत असलेला खेळाडू बास्केटला फेक करत असेल किंवा पास देत असेल आणि बचावपटूचा एक जरी पाय या क्षेत्राला लागलेला असेल, तर त्या टकरीबद्दल आक्रमकाला चार्जिंग दिले जात नाही. आक्रमकाने हात, पाय वा शरीर यांचा गैरवापर केला तर हे संरक्षण नाहीसे होते. जमिनीवरून ड्रिबल करत येणाऱ्यालाही ते लागू नाही. तसेच अर्धवर्तुळात उभा असलेला बचावपटू आपोआप दोषी ठरत नाही. त्याने सरळ वर उडी मारून वैध बचाव केला असेल तर कोणालाच फाउल न देता खेळ चालू ठेवतात.

एनबीएने हे अर्धवर्तुळ १९९७-९८ च्या हंगामापासून आखले; तेथे त्याची त्रिज्या ४ फूट आहे. फिबाने ते २०१० मध्ये आणले. त्याच वेळी बास्केटसमोरील समलंब क्षेत्र आयताकृती झाले आणि तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. ज्या जुन्या मैदानावर आजही समलंब क्षेत्र रंगवलेले दिसते तेथे सहसा हे अर्धवर्तुळही नसते. अशा मैदानावर सराव केलेल्या बचावपटूला बास्केटखाली धडक घेण्याची सवय लागते आणि नव्या आखणीच्या मैदानावर ती महागात पडते.

## शिक्षा

चार्जिंग करणाऱ्या खेळाडूचा संघ चेंडूचा ताबा गमावतो आणि प्रतिस्पर्ध्यांना थ्रो-इन मिळतो. चेंडू आक्रमक संघाच्या ताब्यात असल्याने फ्री थ्रो दिले जात नाहीत. फिबाच्या नियमांत एक बारकावा आहे: चेंडू हातातून सुटल्यानंतर खेळाडू बचावपटूवर आदळला आणि चेंडू बास्केटमध्ये गेला, तर फाउल देऊनही गुण धरले जातात. ब्लॉकिंग फेक करणाऱ्यावर झाले असेल आणि बास्केट झाली असेल तर गुणांसोबत एक फ्री थ्रो मिळतो; बास्केट न झाल्यास फेकेच्या जागेनुसार दोन किंवा तीन. फेकेव्यतिरिक्त झालेल्या ब्लॉकिंगवर साधा थ्रो-इन असतो, पण त्या क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल आधीच झाले असतील तर दोन फ्री थ्रो. दोन्ही फाउल खेळाडूच्या खात्यावर जमा होतात. फिबाच्या सामन्यात पाचव्या फाउलनंतर खेळाडू बाहेर जातो, एनबीएमध्ये सहाव्यानंतर.

ब्लॉकिंगची खूण म्हणून पंच दोन्ही हात कमरेवर ठेवतात, तर चार्जिंगसाठी उघड्या तळव्यावर मूठ आपटतात. टक्कर झाली नसताना किंवा नाममात्र झाली असताना मुद्दाम पडणाऱ्या खेळाडूवर तांत्रिक फाउल दिला जाऊ शकतो.

## २०१८ मधील एक निर्णय

एका निर्णयाने किती फरक पडतो याचे बहुचर्चित उदाहरण ३१ मे २०१८ रोजी एनबीए अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात घडले. सामना संपण्यास ३६.४ सेकंद उरले होते आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध १०४–१०२ असे पुढे होते. वॉरियर्सचा केविन ड्युरँट बास्केटकडे घुसला आणि लेब्रॉन जेम्स त्याच्या वाटेत आला. पंचांनी प्रथम चार्जिंग दिले. तो निर्णय टिकला असता तर दोन गुणांची आघाडी आणि चेंडू, दोन्ही क्लीव्हलँडकडे राहिले असते.

त्या वेळच्या नियमानुसार अखेरच्या दोन मिनिटांत बचावपटू अर्धवर्तुळात होता का, याविषयी शंका असल्यास पंचांना चित्रफीत पाहता येत असे आणि ती पाहताना त्याची बचावस्थितीही तपासता येत असे. जेम्स अर्धवर्तुळाच्या बराच बाहेर असल्याचे चित्रफितीत दिसले. परंतु ड्युरँटची फेकेची हालचाल सुरू होण्यापूर्वी जेम्सने वैध बचावस्थिती घेतली नव्हती, असा निष्कर्ष पंचांनी काढला आणि चार्जिंगचे ब्लॉकिंग झाले. ड्युरँटने दोन्ही फ्री थ्रो यशस्वी करून १०४–१०४ अशी बरोबरी साधली. निर्धारित वेळ १०७–१०७ वर संपला आणि वॉरियर्सनी अतिरिक्त वेळेत १२४–११४ असा विजय मिळवला. ५१ गुण करूनही जेम्सच्या संघाला सामना गमवावा लागला. क्लीव्हलँडचे प्रशिक्षक टायरॉन लू यांनी या बदलाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. त्यांचा रोष समजण्याजोगा असला तरी अर्धवर्तुळाविषयीची शंका हे केवळ चित्रफीत पाहण्याचे निमित्त होते. निर्णय बदलला तो जेम्सच्या उशिरामुळे.

येथेच दोन नियमावल्यांतील फरक स्पष्ट होतो. एनबीएमध्ये आक्रमकाने फेकेसाठी वर जाण्याची हालचाल सुरू करण्यापूर्वी बचावपटू जागेवर असावा लागतो. फिबाच्या नियमात ही मर्यादा आक्रमकाचे पाय जमिनीवरून सुटण्याची आहे, म्हणजे बचावपटूला किंचित अधिक वेळ मिळतो. अमेरिकी महाविद्यालयीन पुरुष स्पर्धांनी २०२३-२४ पासून ही वेळ अलीकडे आणली: आक्रमक उडीसाठी पाय टेकवतो त्याच वेळी बचावपटू जागेवर असला पाहिजे. त्यामुळे एनबीएचे सामने पाहून ‘हे तर ब्लॉकिंग’ असे ठरवणारा प्रेक्षक फिबाच्या नियमांनी चाललेल्या सामन्यात पंचांनी योग्य रीतीने दिलेल्या चार्जिंगवरही आक्षेप घेऊ शकतो.