बालकांमधील अफूजन्य विषबाधा : नॅलॉक्सोनची मात्रा पुन्हा का द्यावी लागते?

अफूजन्य औषधाची विषबाधा झालेल्या बालकाला नॅलॉक्सोनचे इंजेक्शन दिल्यास त्याचा मंदावलेला श्वास काही मिनिटांतच पूर्ववत होऊ शकतो. मात्र हा परिणाम साधारणतः 30 ते 90 मिनिटेच टिकतो. पोटात गेलेले औषध त्याहून अधिक काळ प्रभावी राहिल्यास बालक पुन्हा बेशुद्ध होण्याचा धोका असतो.

जुलाबावरील डायफेनॉक्सिलेट व अ‍ॅट्रोपीन यांची संयुक्त गोळी हे याचे ठळक उदाहरण आहे. डायफेनॉक्सिलेट हे अफूजन्य वर्गातील औषध असून, सहा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असा इशारा आहे. अ‍ॅट्रोपीनमुळे जठरातील गोळ्या पुढे सरकण्यास विलंब होतो. त्यामुळे लक्षणे उशिरा दिसतात आणि ओसरल्यावरही 24 तासांपर्यंत उलटू शकतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही या विषबाधेची नेहमीची खूण असली, तरी अ‍ॅट्रोपीनमुळे ती दिसेलच असे नाही. म्हणून श्वासाची गती हाच मुख्य निकष ठरतो.

मात्रेचा हिशेब

समजा, दोन वर्षांच्या, 12 किलो वजनाच्या बालकाने अशा गोळ्या गिळल्या आहेत. ते बेशुद्ध असून मिनिटाला केवळ आठ वेळा श्वास घेत आहे. रुग्णालयात सर्वप्रथम मुखवटा आणि अँबू बॅगच्या साहाय्याने त्याला श्वास दिला जातो. त्यानंतर पाच वर्षांखालील किंवा 20 किलोपर्यंतच्या बालकासाठी नॅलॉक्सोनची मात्रा प्रतिकिलो 0.1 मिलिग्रॅम धरतात. येथे ती 1.2 मिलिग्रॅम होते, म्हणजे 0.4 मिलिग्रॅमच्या तीन कुप्या. त्याहून मोठ्या मुलांना 2 मिलिग्रॅम देतात. श्वास न सुधारल्यास दोन ते तीन मिनिटांनी मात्रा पुन्हा दिली जाते. एकूण 10 मिलिग्रॅमनंतरही फरक न पडल्यास बेशुद्धीचे अन्य कारण शोधावे लागते.

सुधारणेनंतरचा धोका

पहिल्या मात्रेने हे बालक जागे झाले; पण 50 मिनिटांनी त्याचा श्वास पुन्हा मंदावला. अशा वेळी तीच मात्रा पुन्हा देऊन शिरेवाटे संथ धार सुरू करतात. परिणामकारक ठरलेल्या मात्रेचा दोनतृतीयांश भाग दर तासाला, म्हणजे येथे ताशी 0.8 मिलिग्रॅम, हे तिचे सुरुवातीचे प्रमाण असते. पुढे श्वासाच्या गतीनुसार ते कमी-अधिक केले जाते. धार थांबवल्यानंतरही निरीक्षण चालूच ठेवावे लागते.

वेदनाशमनासाठी दीर्घकाळ मॉर्फिन घेत असलेल्या बालकाला मात्र अल्प मात्रेने आरंभ करतात. अन्यथा वेदना व तीव्र अस्वस्थता एकाएकी उसळते.

मुलाने अशा गोळ्या गिळल्याचा संशय आल्यास पालकांनी त्याला उलटी करवू नये. गोळ्यांचे वेष्टन सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे आणि मूल शुद्धीवर आले म्हणून लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नये.