ब्रेक बदलले, हात कधी बदलणार?

आजच्या भागात थोडा इतिहास आहे आणि थोडी हाताची सवय आहे. गाडी चालवत ऐकत असाल, तर आधी बाजूला थांबा किंवा घरी जाऊन ऐका. विषयच ब्रेकचा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना गाडी बाबांनी किंवा काकांनी शिकवली असेल. आणि मागे बसून त्यांनी एक वाक्य नक्की म्हटलं असेल : "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील!" हे वाक्य आलं कुठून? ते आलं ड्रम ब्रेकच्या जमान्यातून. १९७२ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज चेतक आली. तिच्या डाव्या हातात क्लच आणि गिअर, उजव्या हातात पुढचा ब्रेक आणि उजव्या पायाखाली मागचा. दोन्ही चाकांना ड्रम, छोटी चाकं, आणि इंजिन एका बाजूला. अशा गाडीवर ओल्या रस्त्यात पुढचं चाक लॉक झालं की माणूस सावरायच्या आत खाली. म्हणून लोक पायावरच भिस्त ठेवायला शिकले. उतारावर ड्रम तापला की ब्रेक लागेनासा व्हायचा, पावसात पाणी शिरलं की पहिल्या दाबाला काहीच व्हायचं नाही. मग दाब-सोड, दाब-सोड करत थांबायचं. त्या गाडीसाठी ही शिकवण अगदीच चुकीची नव्हती.

पण तिकडे इंग्लंडमध्ये चाक लॉक होण्यावरचा उपाय आधीच सापडला होता, आणि तोही विमानात! ओल्या धावपट्टीवर उतरताना चाकं लॉक झाली की टायर फुटायचे. त्यावर डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला 'मॅक्सारेट' नावाचं यंत्र आणलं. त्यात एक छोटं जड चक्र चाकासोबत फिरायचं. चाक एकदम मंदावलं तरी हे चक्र आपल्या वेगात पुढे फिरत राहायचं, आणि त्या फरकावर एक झडप उघडून ब्रेकचा दाब कमी व्हायचा. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही.

१९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हेच यंत्र एका रॉयल एनफिल्ड सुपर मेटिऑर मोटरसायकलवर बसवून पाहिलं. गाडी कमी अंतरात थांबली, विशेषतः निसरड्या रस्त्यावर. तरीही ते उत्पादनात आलं नाही. मग थेट १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या के १०० मालिकेच्या मोटरसायकलींना इलेक्ट्रॉनिक एबीएस दिलं. म्हणजे मधली तब्बल तीस वर्षं गेली. भारतात नियम लागू व्हायला त्याहून तीस वर्षं लागली. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून बाजारातल्या सगळ्या नव्या गाड्यांना, १२५ सीसीच्या वर एबीएस आणि १२५ सीसीपर्यंत सीबीएस किंवा एबीएस, असा तो नियम.

आता या दोन्हींत गोंधळ होतो, म्हणून नीट ऐका.

एबीएस म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी व्यवस्था. चाकाजवळ खाचा असलेली एक गोल पट्टी दिसेल, तिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. चाक धोकादायकरीत्या मंदावतंय असं दिसलं की झडपा ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करतात, चाक पुन्हा फिरू लागलं की दाब परत देतात. सेकंदात अनेकदा. म्हणजे बाबा पायाने जी दाब-सोड करायचे, तीच, पण माणसाला जमणार नाही इतक्या वेगाने.

सीबीएस वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरवर तो साधा केबलचा खेळ आहे. डावा लिव्हर ओढला की मागच्या ब्रेकसोबत पुढचाही थोडा लागतो. बाइकवर हेच काम पायाचा ब्रेक करतो. पण सीबीएस चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही! तो फक्त पुढच्या चाकाला कामाला लावतो.

पुढचं चाक इतकं महत्त्वाचं का? ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे सरकतो, तुम्हीही पुढे ढकलले जाता. मागचं चाक हलकं होतं, त्याची पकड सुटते. म्हणून मागचा ब्रेक कितीही जोरात दाबा, ते चाक लवकर लॉक होऊन घसरतं आणि गाडी थांबत नाही.

एक ढोबळ हिशोब करू. कोरडा डांबरी रस्ता, वेग ताशी ५० किलोमीटर. समोर रिक्षा आडवी आली. दोघं एकाच क्षणी ब्रेक लावतात. दोन्ही ब्रेक नीट वापरणारा साधारण १५ मीटरमध्ये थांबेल. फक्त मागचा वापरणाऱ्याला साधारण २७ मीटर लागतील. आणि पहिला जिथे थांबला, तिथून जाताना दुसऱ्याचा वेग अजून ताशी साधारण ३३ किलोमीटर असेल. रिक्षा १५ मीटरवर असेल, तर एक जण शिव्या देऊन पुढे जाईल आणि दुसरा थेट धडकेल.

मग ड्रमला सरावलेल्या हाताने काय बदलायचं?

एबीएसच्या गाडीवर संकटात दोन्ही ब्रेक दाबा आणि दाबून धरा. दाब-सोड करू नका, कारण तुम्ही सोडता तो प्रत्येक क्षण ब्रेकशिवाय जातो. एबीएस काम करायला लागलं की लिव्हर किंवा पायाखाली थरथर जाणवते, टकटक आवाज येतो. जुन्या सवयीचा माणूस "काहीतरी तुटलं" म्हणून दचकून हात सोडतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

सीबीएसच्या स्कूटरवर फक्त डाव्या लिव्हरवर निभावू नका. त्यातून पुढच्या चाकाला मिळणारा ब्रेक मर्यादित असतो, पूर्ण जोर उजव्या लिव्हरमधूनच येतो. आणि निसरड्या रस्त्यावर हळूहळू दाब वाढवा, कारण लॉक झालेलं चाक सोडवायला इथे कोणी नाही.

मर्यादाही लक्षात ठेवा. अनेक गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक लॉक होऊ शकतं. वळणावर गाडी कललेली असताना साधं एबीएस तुम्हाला पडण्यापासून वाचवेलच असं नाही, म्हणून वेग वळणाआधी कमी करा. खडी आणि वाळूवर तर एबीएसने थांबायचं अंतर उलट वाढू शकतं.

शेवटी मीटरवरचा एबीएसचा दिवा. चावी फिरवली की तो लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. चालताना तो विझलाच नाही, तर साधा ब्रेक लागेल, पण एबीएस नसेल. सेन्सरवर चिखल बसला असेल किंवा वायर तुटली असेल, गाडी दाखवून घ्या. स्कूटरचा लिव्हर जास्त आत जायला लागला, तर मेकॅनिककडे पुढचा-मागचा दोन्हीकडचा ब्रेक सेट करून घ्या. एकच घट्ट केला तर सीबीएसची वाटणी बिघडते.

या रविवारी एक करा. रिकामं, कोरडं मैदान नाही, तर डांबरी किंवा सिमेंटची मोकळी जागा शोधा. हेल्मेट घालून, सरळ रेषेत, आधी ताशी २० आणि मग ३० च्या वेगाने दोन्ही ब्रेक लावून थांबून बघा. एबीएस असेल तर दाब वाढवत न्या आणि ती थरथर एकदा हाताला कळू द्या. सीबीएस असेल तर चाक घसरेपर्यंत जाऊ नका. आणि जमलं तर बाबांनाही सोबत न्या. ते वाक्य त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे सवय त्यांचीही मोडायची आहे.

भेटू पुढच्या भागात.