भेगनिरीक्षण (जुन्या भिंतींचे)

भेगनिरीक्षण : जुन्या भिंतीची भेग अजून वाढते आहे, की पाया एकदा बसल्यानंतर ती तशीच राहिली आहे, हे ठरवण्यासाठी भेगेच्या दोन्ही कडांमधील अंतर ठरावीक काळाने मोजत राहण्याची पद्धत. वाढत्या भेगेला जिवंत आणि थांबलेल्या भेगेला मृत म्हणण्याचा प्रघात आहे. काळ्या मातीच्या जालना जिल्ह्यात या दोहोंखेरीज तिसरा प्रकार ध्यानात घ्यावा लागतो, तो म्हणजे ऋतूनुसार उघडणारी आणि मिटणारी भेग. तिला न ओळखल्यामुळे सुस्थितीतला पाया उकरला जातो किंवा खचत चाललेला पाया तसाच सोडला जातो.

जिल्ह्याच्या भूभागाखाली दख्खनचा बेसाल्ट खडक असून त्यावर मुरूम आणि काळ्या मातीचे कमीअधिक जाडीचे थर आहेत. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारे आणि वाळल्यावर आक्रसणारे खनिज असते. माती खोल असेल तेथे ऋतूंचा हा परिणाम सुमारे साडेतीन मीटरपर्यंत पोहोचू शकतो. दगडी जोत्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंती उभारून वर माळवद घातलेल्या वाड्याचा पाया एवढा खोल नसेल, तर तो मातीबरोबर हलतो. उन्हाळ्यात घराबाहेरची माती वाळते, पण घराखालची माती झाकलेली असल्याने तुलनेने ओलसर राहते. त्यामुळे वाड्याचा कोपरा किंचित खाली जातो आणि कोपऱ्याजवळ, बहुधा खिडकीच्या कोनातून, वरच्या टोकाला रुंद असणारी तिरपी भेग उघडते. पाऊस लागला की बाहेरची माती आधी फुगते, कोपरा पुन्हा उचलला जातो आणि भेग मिटत येते. ज्या घराचा पाया मुरमाला किंवा खडकाला टेकला आहे तेथे हे चक्र जवळपास दिसत नाही, म्हणून एकाच गल्लीतल्या दोन वाड्यांच्या भेगांना एकच निदान लावता येत नाही. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, जेथे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी शेतात फिरते, तेथे शिवाराला लागून असलेल्या घराभोवतीची माती पावसाळ्याबाहेरही भिजू शकते. अशा ठिकाणी पाण्याच्या पाळ्यांच्या तारखाही नोंदवहीत असाव्या लागतात.

मोजणीपूर्वी भेग नीट पाहावी. कडा बोथट झालेल्या, आत धूळ, जाळी आणि चुन्याच्या सफेदीचे जुने थर असतील, तर भेग बरीच जुनी आहे एवढे नक्की. ती थांबली आहे असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपासारख्या धक्क्याने एकदाच पडलेली भेग आणि वर्षानुवर्षे उघडमीट करणारी भेग कालांतराने सारख्याच मळलेल्या दिसतात. उलट, सफेदीचा अलीकडचा सलग हात भेगेवर पुन्हा फाटला असेल आणि फाटलेली कड स्वच्छ व धारदार असेल, तर त्या हातानंतर हालचाल झाली आहे.

टेल-टेल म्हणजे भेगेवर आडवी बसवलेली साक्षीपट्टी. तिचा सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे पातळ काचेची पट्टी किंवा जिप्समचा ठिपका. त्यावर तारीख कोरतात आणि तो तडकला का, एवढेच पाहतात. हा प्रकार धोक्याची सूचना म्हणून ठीक आहे, निदानासाठी अपुरा आहे. काच ठिसूळ असल्याने मिलिमीटरच्या अल्पांशाच्या हालचालीनेही ती तुटते. त्यानंतर हालचाल किती झाली, कोणत्या दिशेने झाली, भेग पुन्हा मिटली का, यांपैकी काहीही ती सांगू शकत नाही. फेब्रुवारीत लावलेली काच मे महिन्यात तुटणे हे काळ्या मातीवर अपेक्षितच असते. याशिवाय काच गिलाव्यावर चिकटवली असेल आणि गिलावा भिंतीपासून सुटला असेल, तर भिंत हलूनही काच शाबूत राहते. म्हणून पट्टी नेहमी गिलावा खरवडून मूळ दगडावर किंवा विटेवर बसवावी लागते.

एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पारदर्शक पट्ट्यांचे टेल-टेल अधिक उपयोगी असते. एका पट्टीवर मिलिमीटरची जाळी आणि दुसरीवर फुलीची रेघ असते, त्यामुळे भेगेचे उघडणे आणि कडांचे वरखाली सरकणे ही दोन्ही मापे एकदम वाचता येतात, पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाचन भरवशाचे नसते. त्याहून सूक्ष्म मापासाठी पितळी स्क्रू आणि कॅलिपर वापरतात. भेगेच्या एका बाजूला एकाखाली एक दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन स्क्रू काटकोन त्रिकोणात पक्के बसवतात. एकट्या स्क्रूपासून उरलेल्या दोघांची अंतरे मोजली, की उघडणे आणि सरकणे यांचा हिशेब वेगवेगळा काढता येतो. काळजीपूर्वक मोजल्यास ०.१ मिमीपर्यंतचा फरक कळतो. शेजारी भेग नसलेल्या जागी स्क्रूंची आणखी एक जोडी बसवावी; तेथील माप बदललेले दिसले, तर दोष उपकरणात किंवा मोजणाऱ्याच्या हातात आहे हे लगेच लक्षात येते.

वाचनाची वेळ उपकरणाइतकीच महत्त्वाची आहे. विटेची किंवा दगडाची दहा मीटर लांबीची भिंत सर्वत्र २० अंश सेल्सिअसने तापली, तर तिची लांबी सुमारे एक ते दीड मिलिमीटरने वाढू शकते आणि त्या प्रमाणात भेग मिटलेली दिसते. म्हणून वाचन सकाळी, भिंतीवर ऊन येण्यापूर्वी, शक्यतो एकाच व्यक्तीने घ्यावे आणि भिंतीचे तापमान व आधीच्या आठवड्यातील पाऊस सोबत लिहावा. वाचन महिन्यातून एकदा आणि किमान एक पूर्ण वर्ष व्हावे. तुलना मात्र या मेची पुढच्या मेशी, या सप्टेंबरची पुढच्या सप्टेंबरशी करावी.

नमुन्यादाखल एकाच वाड्यातील दोन भेगांची कल्पित वाचने पाहता येतील. पहिली भेग मेमध्ये ४.६, सप्टेंबरमध्ये ३.१, जानेवारीत ३.९ आणि पुढच्या मेमध्ये ४.७ मिमी भरली. वर्षभरात तिने दीड मिलिमीटरचा फेरा केला, पण दोन मेंमधला फरक ०.१ मिमी, म्हणजे मोजणीच्या चुकीएवढाच आहे. ही ऋतूची भेग होय. दुसरी भेग त्याच महिन्यांत ४.६, ४.०, ५.१ आणि ६.० मिमी भरली. तीही पावसाळ्यात थोडी मिटली, परंतु वर्षअखेर १.४ मिमीने अधिक उघडी राहिली. ही जिवंत भेग असून तिच्या कोपऱ्यालगत फुटलेले गटार, पन्हाळीचे सांडणारे पाणी किंवा मातीतले पाणी शोषून ती कोरडी करणारे मोठे झाड आहे का, हे आधी तपासले पाहिजे. पहिल्या चार महिन्यांची वाचनेच हाती असती, तर दोन्ही भेगा मिटत चालल्या आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

पाया खचत नसतानाही ऋतूची भेग हळूहळू रुंदावण्याचे एक कारण आहे. उन्हाळ्यात उघड्या भेगेत मातीचे कण आणि खडे पडतात, पावसाळ्यात ती त्यांच्यामुळे पूर्ण मिटू शकत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या नव्या रुंदीपासून आणखी उघडते. मे महिन्यात सिमेंटने भेग भरणे हा याच प्रक्रियेचा जोरकस प्रकार ठरतो, कारण भेग सर्वांत रुंद असताना तिच्यात टणक पाचर बसते, पावसाळ्यात कोपरा उचलला गेल्यावर भेगेला मिटायला जागा उरत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. त्यामुळे दोन उन्हाळ्यांची तुलना होईपर्यंत भेग मऊ चुन्याच्या मसाल्याने वरवर बंद ठेवून खडे आत पडू न देणे, आणि मोजणीचे स्क्रू उघडे राखणे, हे योग्य. मात्र भिंत ओळंब्यातून सुटली असेल, तुळईचे टोक टेकूवरून सरकत असेल किंवा भेग दोन वाचनांदरम्यान एकदम कित्येक मिलिमीटरने उघडली असेल, तर वर्षभर वाट पाहू नये. अशा भिंतीला त्याच दिवशी टेकू देऊन खालची जागा रिकामी करावी आणि मोजणी त्यानंतर चालू ठेवावी.