‘झालो’ आणि ‘झाले’ : काशीच्या कन्येचे एक क्रियापद

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म आपल्या काशीतला. अस्सी घाटाजवळच्या भदैनी मोहल्ल्यात आजही त्यांचे जन्मस्थान दाखवितात. वडील मोरोपंत तांबे हे बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांच्या आश्रयाला होते, आणि पुढे हे कुटुंब ब्रह्मावर्तास गेले. घरची भाषा मराठी आणि भोवतालची हिंदी, हा वारसा आपल्या शाळेतील मुलामुलींना नवा नाही. राणीसाहेबांच्या तोंडचे म्हणून जे थोडे शब्द इतिहासाला ठाऊक आहेत, ते या दोन भाषांतूनच आपल्यापर्यंत आले आहेत. ते इंग्रजीत गेले तेव्हा त्यांतून काय गळाले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे 1857 साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. पुढे 1883 मध्ये चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आपली हकीकत लिहून काढली, आणि ती ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. त्यातला एक प्रसंग बहुतेकांच्या स्मरणात असेल. काल्पीच्या बाजूला एका विहिरीपाशी भटजी उभे असताना काही स्वार येतात. त्यांत राणीसाहेब आहेत, पण अंगावर पठाणी पोशाख आहे आणि सर्वांगावर धूळ बसली आहे. तहान लागलेली असूनही भटजींना त्या पाणी काढू देत नाहीत. ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून स्वतःच काढून ओंजळीने पितात. मग मनातले बोलतात. विधवेच्या पोटाला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, या उद्योगाची आपल्याला काही गरज नव्हती, परंतु धर्माच्या अभिमानाने आपण यात पडलो, असा त्या बोलण्याचा आशय आहे.

‘आपण यात पडलो’ असे मी वर लिहिले ते आशय सांगण्यापुरते. मराठीत ‘मी’ म्हणून हे वाक्य बोलावयाचे तर बोलणाऱ्याला निवड करावीच लागते. पुरुष म्हणेल ‘मी प्रवृत्त झालो’, स्त्री म्हणेल ‘मी प्रवृत्त झाले’. पोशाख पठाणाचा असला तरी क्रियापदाला तो चढविता येत नाही. स्वतःविषयी ‘गेलो’, ‘आलो’ असे लिहीत आलेल्या भटजींनाही या ठिकाणी आपल्या लेखणीला स्त्रीचा प्रत्यय द्यावा लागतो. त्यांनी हे पंचवीस वर्षांनंतर आठवून लिहिले, त्यामुळे शब्द न् शब्द राणीचाच होता असा आग्रह मी धरणार नाही. पण बोलणारी स्त्री आहे, याचा विसर मराठी व्याकरणाने त्यांना क्षणभरही पडू दिला नसता.

इंग्रजीत ‘मी’ला ‘आय’ हा एकच शब्द आणि त्यापुढील क्रियापदही एकच. ‘झालो’ आणि ‘झाले’ या दोहोंचे भाषांतर तेच होते. उलट अमृतलाल नागरांनी या पुस्तकाचा ‘आँखों देखा ग़दर’ हा हिंदी अनुवाद केला तेव्हा त्यांना ही अडचण येण्याचे कारण नव्हते, कारण ‘मैं हुआ’ आणि ‘मैं हुई’ हा भेद हिंदीने जपला आहे.

मात्र मराठी दर वेळी बोलणाऱ्याचे लिंग सांगते असेही नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. एखाद्या जुन्या पत्रातले असावे असे वाक्य घेऊ : ‘काल पहाटे मी पंचगंगेवर गेले होते, तिथे स्नान केले, उद्या संकटमोचनाला जाईन.’ पहिल्या क्रियापदाने लिहिणारी स्त्री आहे हे कळले. दुसऱ्यातले ‘केले’ तिच्याशी जुळत नाही, ते ‘स्नान’ या नपुंसकलिंगी शब्दाशी जुळते. पुरुषानेही ‘मी स्नान केले’ असेच लिहिले असते. तिसरे ‘जाईन’ तर स्त्रीपुरुष दोघांचे एकच. हेच हिंदीत सांगताना ‘गई थी’, ‘स्नान किया’, ‘जाऊँगी’ असे होईल, म्हणजे भविष्यकाळही लिंग उघड करील. म्हणून अनुवादकाने प्रत्येक वाक्यात स्त्रीत्व शोधीत बसू नये. मूळ लेखनात ते जिथे उमटले आहे तेवढ्याच जागा हेराव्यात, आणि इंग्रजीत त्या ओळखू येतात का ते पाहावे. वर राणी स्वतःला विधवा म्हणते, तो शब्द इंग्रजीतही स्त्रीचाच, त्यामुळे क्रियापदाने गमावलेले तिथे नामाने भरून निघते. माझ्या पत्रातल्या वाक्याला तसा आधार नाही. त्याचे इंग्रजी एकटेच वाचणाऱ्याला लिहिणारा पुरुष वाटला तर दोष त्याचा नव्हे. तिथे स्नानानंतर ‘लुगडे वाळत घातले’ असे काही पदरचे घालण्यापेक्षा, पत्राच्या आरंभी लिहिणारी कोण हे एका ओळीच्या टिपेत सांगणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

भविष्यकाळाचा हा फरक झाशीच्या दुसऱ्या प्रसिद्ध उद्गारातही दिसतो. 1854 मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणीने जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी बोलाविले. त्या पडद्याआड बसून बोलल्या. झाशी न देण्याविषयीचे त्यांचे हिंदुस्थानी शब्द लँगने 1859 च्या आपल्या पुस्तकात रोमन लिपीत टिपून ठेवले, आणि जोडीला इंग्रजी अर्थ दिला. त्या हिंदुस्थानी वाक्याच्या शेवटी ‘गी’ आहे. पडद्यातून तेवढा प्रत्यय बाहेर आला. इंग्रजी अर्थात तो नाही. पण राणीसाहेब आपल्या मातृभाषेत बोलल्या असत्या तर ‘मी देणार नाही’ या मराठी वाक्यातही तो आला नसता!

एक सावधगिरीही हवी. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिकडच्या बोलीतले संवाद भाषांतरिताना केवळ प्रत्ययावरून बोलणाऱ्याला पुरुष ठरविले तर फसगत होईल. ‘आम्ही’ म्हटले की भेद सगळीकडेच मिटतो, स्त्रियाही ‘आम्ही गेलो’ असेच म्हणतात. जुनी छापील पुस्तके वाचणाऱ्यांना आणखी एक खूण आढळेल. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ‘मी गेलें’ असा अनुस्वार देत, तर ‘ते लोक गेले’ हे अनुस्वाराविना लिहीत. नव्या आवृत्त्यांतून तो अनुस्वार गेल्यामुळे ‘मी’ अध्याहृत असलेल्या वाक्यात नुसते ‘गेले’ कोणाचे, हे आता मागील मजकुरावरूनच ठरवावे लागते.

आपल्या वर्गांत वेगळेच घडते आहे. गल्लीतल्या ‘मैं गई थी’च्या सवयीने आमच्या मुली ‘मी गेली होती’ म्हणतात. भाषेच्या शिक्षिका ते ‘गेले होते’ असे सुधारतात, आणि मधल्या सुट्टीत ते पुन्हा ‘गेली’ होते. इंग्रजीच्या तासाला मात्र त्याच मुली आणि त्यांच्या शेजारच्या बाकावरचे मुलगे एकच वाक्य लिहितात, आणि वहीवरचे नाव पाहिल्याखेरीज ते कोणाचे हे मला सांगता येत नाही.