तळटीप ७ : ‘निळा दोन नंबर’

७. निळा दोन नंबर : ‘पॉवर रेंजर्स एसपीडी’ (२००५) या मालिकेतील निळा रेंजर स्काय. अमरावती-अकोल्याकडच्या मुलांना ही मालिका टून डिस्नी वाहिनीवर हिंदीत पाहायला मिळे. बी-पथकातील पाचही रेंजरांच्या हेल्मेटांची ठेवण बरीचशी सारखी असल्याने ओळख पटते ती पोशाखाच्या रंगावरून आणि छातीवरच्या मोठ्या अंकावरून : लाल १, निळा २, हिरवा ३, पिवळी ४, गुलाबी ५. शस्त्रांत लाल रेंजरची दोन पिस्तुले चटकन लक्षात राहतात. हेल्मेटावरून खात्रीने ओळखता येतो तो शॅडो रेंजर; त्याच्या हेल्मेटाला कुत्र्यासारखे टोकदार कान आहेत, छातीवर १०० आणि हातात तलवार. पुढे फितूर झालेल्या ए-पथकाचे रंग बी-पथकासारखेच आहेत, त्यामुळे तिथे नुसता रंग फसवतो. हेल्मेट पाहावे लागते. शिवाय रंग आणि अंक हे हुद्द्याचे आहेत, माणसाचे नव्हेत. शेवटच्या भागात लाल रेंजर जॅक पथक सोडतो तेव्हा स्काय लाल होतो आणि आधीचा हिरवा ब्रिज निळा. म्हणून इथला ‘दोन नंबर’ स्काय आहे, तो शेवट वगळूनच.