चुकलेलं उत्तर आणि रोबेर्व्हाल

परवा भाचीनं वही पुढे केली. "मामा, सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतंय." गणित जुनंच होतं. चाक सरळ रस्त्यावरून घरंगळताना त्याच्या कडेवरचा एक ठिपका हवेत कमान काढतो. ही कमान म्हणजे सायक्लॉइड. तिच्याखालचं क्षेत्रफळ किती? पुस्तकात 3πa², आणि बाईसाहेबांचं 2πa².

चाकाची त्रिज्या a, आणि चाक t रेडियन फिरलं, तर ठिपका कुठे असतो?

x = a(t − sin t), y = a(1 − cos t)

तिनं उंची y घेतली, तिला a नं गुणलं आणि t च्या 0 ते 2π पर्यंत इंटिग्रेट केलं. म्हणजे चाक थोडं फिरलं की ठिपकाही तेवढाच पुढे सरकतो, असं गृहीत धरलं. चूक इथेच आहे. जमिनीला टेकलेल्या क्षणी ठिपका पुढे सरकतच नाही, आणि माथ्यावर असताना तो चाकाच्या आसाच्या दुप्पट वेगानं पुढे धावतो. क्षेत्रफळाची उभी पट्टी किती रुंद, हे x ठरवतो, t नाही. म्हणून y ला x च्या डेरिव्हेटिव्हनं गुणायचं. तो आहे dx/dt = a(1 − cos t). गंमत म्हणजे तो y इतकाच आहे!

∫ y (dx/dt) dt = a² ∫ (1 − 2cos t + cos² t) dt = a²(2π − 0 + π) = 3πa²

म्हणजे चाकाच्या क्षेत्रफळाच्या बरोबर तिप्पट. भाची खूश होऊन गेली. पण ते 2πa² माझ्या डोक्यातून जाईना. हे कुठेतरी पाहिलंय... आणि मग आठवलं.

या कमानीला सायक्लॉइड हे नाव दिलं गॅलिलिओनं. क्षेत्रफळ काढायला त्यानं चक्क कमान आणि वर्तुळ कापून दोन्ही तुकडे तोलले. वजन तिपटीच्या जवळपास भरलं, पण नेमकं तीनच असेल असं त्याला वाटेना. तराजूचा दोष नाही. १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ कापताना कात्री कडेनं एक मिलिमीटर जरी बाहेर गेली, तरी क्षेत्रफळात दोन टक्क्यांचा फरक पडतो. अशा तुकड्यांवरून 'तीन' आणि 'तीनच्या आसपास' यांत निवाडा कसा व्हायचा?

तो निवाडा १६३४ च्या सुमारास पॅरिसमध्ये जिल द रोबेर्व्हालनं केला. कॅल्क्युलस तेव्हा जन्मायचं होतं. त्यानं कमानीला एक सोबतीण दिली: उंची ठिपक्याइतकीच, पण पुढे सरकणं एकसारखं, म्हणजे x = at. अर्धी कमान घ्या. तिच्याभोवतीचा आयत πa रुंद आणि 2a उंच. सोबतीण त्याचे दोन सारखे भाग करते, म्हणून तिच्याखाली πa². आता सोबतीण आणि सायक्लॉइड यांच्यामधली फट पाहा. प्रत्येक उंचीवर तिची आडवी रुंदी a sin t, आणि त्याच उंचीवर अर्धवर्तुळाची रुंदीही तेवढीच. मग फटीचं क्षेत्रफळ अर्धवर्तुळाइतकं, म्हणजे πa²/2. बेरीज 3πa²/2, आणि पूर्ण कमानीचं 3πa².

लक्षात आलं? पूर्ण सोबतिणीखालचं क्षेत्रफळ 2πa²! भाचीनं गणित बरोबरच केलं होतं, फक्त दुसऱ्या वक्राचं. तिचं जे πa² राहिलं, ती ही फट.

रोबेर्व्हालनं मात्र हे छापलं नाही. पॅरिसच्या कॉलेज रोयालमधलं त्याचं अध्यासन दर तीन वर्षांनी स्पर्धेला खुलं व्हायचं, आणि प्रश्न काढायचा त्या जागेवरच्या माणसानंच. त्यामुळे नव्या युक्त्या झाकून ठेवण्यातच त्याचं पोट होतं. ती जागा त्यानं १६७५ मध्ये मरेपर्यंत टिकवलीही. पण १६४४ मध्ये इटलीत टोरिचेलीनं, हवेचा दाब मोजणाऱ्या त्याच टोरिचेलीनं, सायक्लॉइडचं क्षेत्रफळ छापून टाकलं. रोबेर्व्हालनं चोरीचा आळ घेतला. टोरिचेलीनं ते स्वतःच्या वेगळ्या रीतींनी सिद्ध केलं होतं. १६४७ मध्ये तो वारला, अवघा ३९ वर्षांचा असताना. भांडण मात्र त्याच्यामागेही चालूच राहिलं. १६५८ मध्ये पास्कालनं या वक्राचा इतिहास लिहिला, तोही रोबेर्व्हालची बाजू घेऊन. रोबेर्व्हालची ती सिद्धता छापून आली १६९३ मध्ये. तोवर कॅल्क्युलस येऊन पोचलं होतं, आणि हे काम दोन ओळींत होऊ लागलं होतं.

जागा राहिली, श्रेय वादात गेलं. असो.

भाचीला फोन करून सांगितलं, ते चुकलेलं उत्तर खोडू नकोस. त्याच्यापुढे 'सोबतीण' असं लिही, आणि खाली πa² मिळव.